दहावीनंतर काय, हे एका तासिकेत कसं सांगायचं: माजी विद्यार्थ्यांसाठी भाषणाचा आराखडा

शाळा आपल्या माजी विद्यार्थ्याला दहावीच्या वर्गापुढे बोलायला बोलावते, तेव्हा त्याला फार तर एक तासिका मिळते. त्यातली काही मिनिटं ओळख आणि सत्कारात जातात. उरलेल्या वेळात बहुतेक पाहुणे एक तर स्वतःचा प्रवास सांगतात, नाहीतर करिअरची लांबलचक यादी वाचून दाखवतात. मुलं मनापासून टाळ्या वाजवतात आणि निकालानंतर शेजारचा दादा सांगेल तो फॉर्म भरून मोकळी होतात.

मी दहावीला गणित शिकवते, त्यामुळे ही भाषणं वर्गाच्या मागच्या बाजूला उभी राहून ऐकते. पाहुण्यांची तळमळ खरी असते. पण मुलांना त्या वेळी दोन गोष्टी कळायची गरज असते आणि नेमक्या त्याच राहून जातात. पहिली, स्वतःची गुणपत्रिका विषयवार कशी वाचायची. दुसरी, निवडलेल्या वाटेवर मध्येच थांबावं लागलं, तर त्या क्षणी हातात काय असेल. या दोन गोष्टींभोवती भाषण कसं बांधायचं ते इथे लिहिते आहे. सगळं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून आहे. प्रवेशाचे नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, म्हणून बोलायला जाण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिका चाळून घ्या.

सुरुवात फळ्यावरच्या गुणपत्रिकेने

ओळख झाली की माईक बाजूला ठेवा आणि खडू घ्या. फळ्यावर एका काल्पनिक विद्यार्थिनीचे गुण लिहा: मराठी ८१, हिंदी ७८, इंग्रजी ६६, गणित ५८, विज्ञान ६९, सामाजिक शास्त्रे ८४. मग वर्गाला विचारा, हिला किती टक्के पडले?

मुलं सहाही विषयांची बेरीज करायला घेतील, ४३६ काढतील आणि ७२.६७ टक्के म्हणतील. तुम्ही सांगायचं की गुणपत्रिकेवर ७५.६० टक्के येतील. राज्य मंडळात सहा विषयांची परीक्षा दिली, की पास सगळ्यांत व्हावं लागतं, पण टक्केवारी सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवर काढतात. या मुलीचे पाच विषयांचे गुण होतात ५०० पैकी ३७८. गळलेला सहावा विषय कोणता, हे मुलांनाच शोधू द्या. गणित.

आता एक पायरी आणखी खाली उतरा. गणिताच्या त्या ५८ गुणांत अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी १८ आहेत असं धरा. म्हणजे बीजगणित आणि भूमितीच्या लेखी पेपरांत मिळून ८० पैकी ४०. निम्मे. घरात पेढे वाटले जातात ते पंचाहत्तर टक्क्यांचे, पण पुढच्या वर्गात ज्या विषयावर सगळं उभं राहणार आहे, तो लेखी परीक्षेत निम्माच जमलेला असतो. टक्केवारी खोटी नसते. ती प्रवेशाच्या गुणवत्ता यादीसाठी असते. कोणत्या वाटेवर पाय टिकेल, हे तिच्यावरून कळत नाही.

इथे मुलांकडून लगेच एक काम करून घ्या. प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर आपले पूर्वपरीक्षेचे गुण लिहायचे, अंतर्गत गुण वगळून, फक्त लेखी. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन आकड्यांभोवती गोल करायचा. ही वही कुणाला दाखवायची नाही, हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर अर्धा वर्ग हाताने पान झाकत बसेल. यात पाच मिनिटं जातात आणि ती जाऊ द्यावीत, कारण भाषणाचा पुढचा भाग प्रत्येक मूल स्वतःचे आकडे समोर ठेवून ऐकतं.

एकाच मुक्कामाच्या तीन वाटा

हा भाषणाचा गाभा आहे. त्याला निदान पंधरा मिनिटं द्या. सगळ्या शाखा आणि सगळी क्षेत्रं कवेत घ्यायचा मोह आवरा. एक मुक्काम निवडा आणि तिथे जाणाऱ्या वाटा शेवटपर्यंत नेऊन दाखवा. मुलं ती पद्धत उचलतात आणि मग आपापल्या क्षेत्राला लावून बघतात. उदाहरणासाठी इंजिनिअरिंगची पदवी सोयीची पडते, कारण तिथे दहावीनंतर तीन वेगवेगळ्या दारांनी पोहोचता येतं आणि मुलांना त्यातलं जेमतेम एक माहीत असतं.

फळ्यावरच्या मुलीला घरातली वायरिंग, बिघडलेला पंखा, मिक्सर उघडून बघायची आवड आहे असं धरा. तिला इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायचं आहे.

पहिली वाट सगळ्यांच्या तोंडी असलेली. अकरावी-बारावी सायन्स, मग एमएचटी-सीईटी, मग चार वर्षांची पदवी. दोन अधिक चार, एकूण सहा वर्षं. या वाटेवर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. बारावीला किमान टक्क्यांची अट आहे, खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गांना ४०, पण कोणतं कॉलेज मिळणार हे सीईटीवर ठरतं. सीईटीच्या पीसीएम गटात एकूण २०० गुण आणि त्यातले १०० एकट्या गणिताचे. भौतिक आणि रसायन मिळून उरलेले १००. हा आकडा फळ्यावर मोठा लिहा आणि मुलांना वहीतल्या गणिताच्या गोलाकडे बघू द्या. वेगळं काही बोलावं लागत नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात हेही सांगा, कारण 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष' ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. दहावीच्या गुणांवर तीन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळतो. अर्ज करायला दहावीला ३५ टक्के पुरतात. चांगल्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये मागणी असलेल्या शाखेची यादी अर्थातच बरीच वर थांबते. डिप्लोमा झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, तोही सीईटी न देता, डिप्लोमाच्या गुणांवर. तीन अधिक तीन, पुन्हा सहाच वर्षं. वर्गात इथे कुजबुज होते. डिप्लोमा म्हणजे लांबचा फेरा असं मुलांनी घरी ऐकलेलं असतं, आणि फळ्यावरची बेरीज तर सारखीच येते.

तिसरी वाट आयटीआयची. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. तो पास झालेल्या मुलीला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथे दोन वर्षं, मग पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून तीन वर्षं. दोन, दोन आणि तीन मिळून सात. एक वर्ष जास्त, पण मुक्काम तोच. या वाटेच्या दोन्ही जोडांवर जागा मर्यादित असतात आणि त्या गुणांवर मिळतात, म्हणून ही सोपी वाट आहे असं सांगू नका. ती बंद वाट नाही, एवढं सांगा. आयटीआयला गेलेलं मूल कायमचं आयटीआयवालंच राहणार, असं मानणारी घरं अजून पुष्कळ आहेत. त्या घरांतली मुलं तुमच्यासमोर बसलेली असतात.

आता खरा प्रश्न विचारा. तिन्ही वाटांवर, काही कारणाने, मध्येच थांबावं लागलं तर? घरात आजारपण येतं, वडिलांचं काम सुटतं, एखाद्या मुलीचं शिक्षण पुढे चालू ठेवायला घरचे राजी नसतात. हे वर्गातल्या मुलांच्या घरात घडत असतं आणि त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून याबद्दल सरळ बोला.

पहिल्या वाटेवर दोन वर्षांनी थांबलं, तर हातात बारावी सायन्स पासचं प्रमाणपत्र असतं. त्यावर बीएस्सी, बीकॉम, बीए, कायदा, काहीही करता येतं, म्हणजे पुढे शिकायला खूप दारं आहेत. पण त्या प्रमाणपत्रावर एखादं तांत्रिक काम मिळत नाही. दुसऱ्या वाटेवर तीन वर्षांनी थांबलं, तर हातात डिप्लोमा असतो. कारखान्यात सुपरवायझरच्या खालच्या पायरीवर काम सुरू करता येतं. सरकारी खात्यांत कनिष्ठ अभियंता या पदाच्या जाहिराती डिप्लोमावर निघतात. तिसऱ्या वाटेवर दोन वर्षांनी थांबलं, तर हातात ट्रेडचं प्रमाणपत्र आणि खरोखरच हाताला आलेलं काम असतं. त्यावर कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागता येतं आणि शिकता शिकता दरमहा स्टायपेंड मिळतो. महावितरणमधलं विद्युत सहायक पद दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडवर भरतात. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट पदालाही आयटीआय चालतं.

म्हणजे वर्षांच्या हिशोबात फारसा फरक नाही. फरक मधल्या थांब्याला आहे. ज्या घराला सहा वर्षं निर्धास्त शिकवणं शक्य आहे आणि ज्या मुलाचं गणित पक्कं आहे, त्याने पहिली वाट धरावी. ज्या घराला तीन वर्षांनी कमाईची शक्यता दिसायला हवी, त्याने दुसरीचा मनापासून विचार करावा. हे माझं मत आहे आणि तुमचं वेगळं असेल तर तुमचं सांगा, पण मत सांगा. 'सगळ्याच वाटा चांगल्या' असं म्हणून खाली बसलात, तर मुलांच्या हाती काही लागत नाही.

एक गैरसमज मात्र तिथल्या तिथे खोडून काढावा लागतो. गणित जमत नाही म्हणून डिप्लोमाला जायचं, असं ठरवलेली दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. डिप्लोमाच्या पहिल्याच सहामाहीत गणिताचा पेपर असतो: लॉगरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती. त्याच वर्षात डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनही. अकरावी-बारावीची मुलं जे दोन वर्षांत शिकतात, त्यातला मोठा भाग इथे एका वर्षात येतो. गणित पळवाटेने टाळायला आलेलं मूल पहिल्या वर्षीच अडकतं, विषय साचत जातात आणि मग वायडी लागते, म्हणजे वर्ष वाया. आयटीआयमध्येसुद्धा कार्यशाळेतले हिशोब शिकावेच लागतात. फक्त तिथलं गणित समोरच्या कामाशी, तारेच्या जाडीशी आणि मोटरच्या शक्तीशी बांधलेलं असतं, म्हणून बऱ्याच मुलांना ते शाळेतल्यापेक्षा जवळचं वाटतं. डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांना तिथे पुन्हा गणित भेटतं, लाप्लास ट्रान्सफॉर्मसारखं, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाने बारावीचं गणित सविस्तर केलेलं असतं. अशा मुलांनी आधीची सुट्टी इंटिग्रेशनच्या सरावाला दिली तर ते निभतं.

मग फळ्यावरच्या मुलीने काय करावं? तिचे लेखी गणितात ८० पैकी ४० आहेत. ती उत्तरपत्रिका काढून बघायची. चुका आकडेमोडीच्या असतील, वेळ पुरला नसेल, तर सरावाने भरून निघेल आणि दोन्ही मोठ्या वाटा तिच्यासाठी खुल्या आहेत. पण वर्गसमीकरण मांडताच येत नसेल, भूमितीत सिद्धता सुरूच करता येत नसेल, तर सीईटीच्या गणितातल्या १०० गुणांवर पूर्ण भवितव्य लावण्याआधी तिने दोनदा विचार करावा. परीक्षेनंतर निकाल लागेपर्यंतच्या सुट्टीत दहावीचंच बीजगणित पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सोडवावं. ते करताना गोडी लागते की जीव नकोसा होतो, यावरून तिला तिचं उत्तर बरंचसं कळेल.

'सायन्स घेऊन ठेव, सगळी दारं उघडी राहतात'

हे वाक्य प्रत्येक घरात बोललं जातं, म्हणून त्यावर पाच मिनिटं काढा. त्यात अर्धं सत्य आहे. बारावी सायन्सवरून कला, वाणिज्य, कायदा यांकडे वळता येतं. आर्ट्स किंवा कॉमर्स करून बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलकडे वळता येत नाही. इथपर्यंत बरोबर.

पण सायन्सच्या आतही दारं आहेत आणि ती अकरावीच्या विषय-निवडीतच लागतात. गणित सोडून जीवशास्त्र ठेवलं, ज्याला मुलं पीसीबी म्हणतात, तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरची वाट बंद होते, एनडीएतून नौदल आणि हवाई दलात जाता येत नाही. जीवशास्त्र सोडलं तर नीटचं, म्हणजे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस या सगळ्यांचं दार लागतं. ते पुढे जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देऊन उघडता येतं, पण त्यात वेळ जातो. दोन्ही ठेवली तर अभ्यासाचं ओझं तेवढंच वाढतं. डिप्लोमाला गेलेल्या मुलालाही नीट देता येत नाही, एनडीएचाही फॉर्म भरता येत नाही, कारण तिथे बारावी मागतात. आणि डी. फार्मसीला दहावीनंतर प्रवेश मिळत नाही. त्यालाही आधी बारावी सायन्स लागते. नावात डिप्लोमा असल्यामुळे इथे मुलं हमखास गोंधळतात.

दारं उघडी ठेवण्याची किंमतही आहे. आवड नसताना सायन्स घेतलेलं मूल दोन वर्षं चार विषयांची प्रॅक्टिकल, क्लास आणि प्रवेश परीक्षेच्या तयारीत घालवतं आणि काठावर पास होतं. त्या गुणांवर नंतर बीकॉम किंवा बीएला चांगलं कॉलेज मिळत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर एकाच वेळी सगळे विज्ञान विषय इंग्रजीतून शिकायचे असतात. पहिले तीन-चार महिने त्याला वर्गात चाललेलं कळत नाही आणि तो स्वतःला मठ्ठ समजू लागतो. तो मठ्ठ नसतो. त्याने मे-जूनमध्ये दहावीच्या विज्ञानातल्या संज्ञा इंग्रजीत पाठ केल्या आणि रोज इंग्रजी पुस्तकाची दोन पानं मोठ्याने वाचली, तर ते महिने पुष्कळ हलके जातात. तुम्ही स्वतः मराठी माध्यमातून पुढे गेला असाल, तर पहिल्या सहामाहीत तुम्ही नेमकं काय केलंत हे इथे सांगा. तुमच्या अनुभवाची या भाषणात सगळ्यात उपयोगी जागा हीच आहे.

कॉमर्सबद्दल एकच गोष्ट ठसवा. अकरावीला गणित घ्यायचं की सेक्रेटरियल प्रॅक्टिस, हा प्रश्न फॉर्मवर येतो आणि बहुतेक मुलं डोळे झाकून दुसऱ्यावर खूण करतात. पुढे संख्याशास्त्र, अर्थशास्त्राचा गंभीर अभ्यास, विमा क्षेत्रातलं गणिती काम यांपैकी काही करायचं असेल, तर गणित सोडू नये. सीएच्या फाउंडेशन परीक्षेत गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा १०० गुणांचा पेपर आहे, तोही सुटत नाही. सीएला मात्र शाखेची अट नाही, सायन्स आणि आर्ट्सची मुलंही तिकडे जाऊ शकतात.

आर्ट्स म्हणजे उरलेल्यांची शाखा, असं तुमच्या बोलण्यातून चुकूनही ध्वनित होऊ देऊ नका. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेला खुला आहे. एमपीएससी, यूपीएससीला पदवी लागते, शाखा लागत नाही. एनडीएत लष्कराच्या शाखेसाठी आर्ट्सही चालतं, फक्त त्या परीक्षेत ३०० गुणांचं गणित सगळ्यांनाच सोडवावं लागतं. सामाजिक शास्त्रांत ज्याला ८४ पडतात आणि जो वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्या मुलाने आर्ट्स निवडलं तर ती विचारपूर्वक केलेली निवड आहे, आणि हे वर्गासमोर मोठ्याने म्हणणारं कुणीतरी त्याला भेटायला हवं असतं.

फॉर्मचा आठवडा

अकरावी, पॉलिटेक्निक आणि आयटीआय यांच्या तीन वेगळ्या प्रवेश प्रक्रिया आहेत, तीन वेगळी संकेतस्थळं आणि तीन वेगळे फॉर्म. त्या साधारण एकाच काळात चालतात. मुलाला तिन्ही फॉर्म भरता येतात, आणि मन पक्कं नसेल तर भरावेत. अडचण येते ती शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याची. एका ठिकाणी प्रवेश पक्का करताना तो जमा होतो, आणि दुसरीकडे नंबर लागला की पहिला प्रवेश रद्द करून दाखला परत मिळवेपर्यंत तिकडची मुदत संपत येते. म्हणून कोणत्या प्रक्रियेची यादी कधी लागणार, ते तीन रकान्यांत लिहून घराच्या भिंतीवर लावायला सांगा.

अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम देता येतो. इथे पालकांची एक ठरलेली भीती असते: मोठं कॉलेज वर लिहिलं आणि नाही मिळालं तर खालचंही जाईल. तसं होत नाही. यादी गुणांवर लागते. पहिल्या पसंतीला गुण कमी पडले तर दुसरी बघितली जाते, मग तिसरी, आणि खालच्या कॉलेजात तुमचा क्रम गुणांनुसारच राहतो. म्हणून जे खरोखर हवं आहे त्याच क्रमाने लिहावं. मात्र पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. तेव्हा मैत्रिणीने लिहिलं म्हणून दीड तास लांबचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नये. दहा नावांत तीन आवाक्याबाहेरची, चार आपल्या गुणांच्या आसपासची आणि तीन खात्रीची ठेवली, तर रिकाम्या हाताने परतायची वेळ सहसा येत नाही.

जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्न आणि डोमिसाइल यांचे अर्ज निकालानंतर करायला गेलं, तर सेतू केंद्रावर रांग असते. ही कागदपत्रं परीक्षा संपली की लगेच करायला घ्यावीत.

प्रश्नांना राखून ठेवलेली दहा मिनिटं

हात वर करून मुलं विचारत नाहीत. आधीच चिठ्ठ्या वाटा, नाव न लिहिता प्रश्न मागवा आणि वर्गशिक्षकांना गोळा करायला सांगा. चिठ्ठीत जे येतं ते माईकवर कधी येत नाही.

'नापास झालो तर?' ही चिठ्ठी जवळजवळ नक्की येते. तिला पूर्ण उत्तर द्या. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी काही आठवड्यांत होते. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत बसता येतं आणि ते विषय नंतर सोडवता येतात. आयटीआयचे काही ट्रेड दहावी पास नसलेल्यांनाही खुले आहेत, वायरमन आणि वेल्डर त्यांतलेच.

'पगार किती मिळतो?' असं विचारलं तर टाळू नका. तुमचा पहिला पगार सांगा, आणि त्याच वाक्यात तो मिळेपर्यंत किती वर्षं गेली आणि घरचा साधारण किती खर्च झाला, तेही सांगा. एकटा पगाराचा आकडा मुलांना काहीच सांगत नाही.

'क्लास लावल्याशिवाय होत नाही का?' आणि 'इंटिग्रेटेड कॉलेज घेऊ का?' या चिठ्ठ्या शहरी शाळांत येतात. इंटिग्रेटेड म्हणजे ज्युनिअर कॉलेजची हजेरी नावापुरती आणि शिकवणं क्लासमध्ये. मुलांनी तिथे फी भरण्याआधी एकच गोष्ट विचारावी: प्रयोगशाळा कुठे आहे, आणि आठवड्यातून किती वेळा प्रॅक्टिकल होतात? बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, आणि ज्याने हातात ब्युरेट धरलेलीच नाही त्याला इंजिनिअरिंगच्या किंवा फार्मसीच्या पहिल्या वर्षी त्रास होतो.

'आईबाबा ऐकत नाहीत' या चिठ्ठीला दोन मिनिटांत उत्तर नाही. त्या मुलाला तासिका संपल्यावर भेटायला सांगा, आणि शक्य असेल तर वर्गशिक्षकांना बरोबर घेऊन त्याच्या पालकांशी बोला. वाटांची वर्षं आणि मधले थांबे कागदावर मांडून दाखवले की बरेच पालक ऐकतात. त्यांची भीती बहुधा शाखेबद्दल नसते, मूल मध्येच अडकेल याबद्दल असते.

शेवटी मुख्याध्यापकांकडून एक गोष्ट मागून घ्या. असं भाषण साधारण डिसेंबर-जानेवारीत होतं आणि फॉर्म भरले जातात मे-जूनमध्ये, तोवर मुलं अर्धं विसरलेली असतात. निकालाच्या आठवड्यात शाळेची संगणक खोली दोन तास उघडी ठेवायची आणि तुम्ही पुन्हा यायचं, एवढं ठरवा. येताना जवळपासच्या कॉलेजांची आणि पॉलिटेक्निकची गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी प्रवर्गानुसार छापून आणा. मुलांना मूळ गुणपत्रिका आणि आधार कार्ड आणायला सांगा, आणि पहिली दहा मिनिटं दोन्हीकडचं नाव आणि जन्मतारीख जुळते की नाही हे तपासण्यात घालवा, कारण कागदपत्रं पडताळताना फॉर्म सगळ्यात आधी अडकतो तो तिथेच.